एआयएसमधले व्याज आणि पासबुकातले व्याज

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर प्रत्येक पॅनधारकाच्या नावाने एक वार्षिक माहिती विवरण तयार होत असते. त्याचे इंग्रजी नाव Annual Information Statement. बोलण्यात सगळे त्याला एआयएस म्हणतात. नोव्हेंबर २०२१ पासून ते करदात्यांना उपलब्ध झाले. बँका, पोस्ट, कंपन्या, म्युच्युअल फंड, पेन्शन देणारी कार्यालये अशा अनेकांनी त्या पॅनवर जे जे कळवले, ते सारे या विवरणात एकत्र दिसते. पगार किंवा पेन्शन, व्याज, लाभांश, शेअरची विक्री, कापलेला कर, भरलेला कर, मिळालेला रिफंड अशा नोंदी त्यात असतात.

ही सर्व माहिती दुसऱ्यांनी दिलेली असते. बँकेने जे कळवले ते खात्याने जसेच्या तसे मांडलेले असते; ते बरोबर आहे की नाही याची खातरजमा झालेली नसते. म्हणून एआयएसमधला आकडा हा उत्पन्नाचा पुरावा नव्हे आणि एखादे उत्पन्न त्यात नसणे ही करमाफीही नव्हे. विवरणपत्रात भरायचे ते खरे उत्पन्न. एआयएसशी ताळमेळ घालायचा तो फरक कुठे आहे आणि का आहे, हे आधीच कळावे म्हणून.

सर्वांत जास्त गोंधळ व्याजाच्या नोंदींत होतो. पगाराची नोंद बहुधा एकाच ठिकाणाहून येते आणि ती फॉर्म १६ शी जुळते. लाभांशाचेही फारसे अवघड नसते. कर कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम दाखवली की काम झाले. शेअर आणि फंडांच्या विक्रीत एआयएसमध्ये विक्रीची किंमत दिसते, पण खरेदीची किंमत भरवशाची नसते, म्हणून तिथे ब्रोकरचा किंवा फंडाचा भांडवली नफ्याचा तक्ता हाच आधार धरावा. व्याजाचे मात्र वेगळे आहे. एकाच ठेवीचे व्याज दोन मार्गांनी एआयएसमध्ये येते, वेगवेगळ्या रकमांनी येते आणि कधी भलत्याच माणसाच्या नावावर येते.

पहिला मार्ग टीडीएसचा. ठेवीवरच्या व्याजातून बँक कलम १९४ए खाली कर कापते आणि दर तिमाहीला त्याचे विवरण खात्याला देते. त्यामुळे एका बँकेच्या एकाच वर्षाच्या चार ओळी दिसू शकतात. दुसरा मार्ग वर्षातून एकदाच्या अहवालाचा. बँका, सहकारी बँका आणि पोस्ट आपापल्या खातेदारांना दिलेले व्याज ३१ मेपर्यंत खात्याला कळवतात. एआयएसमध्ये त्या ओळीपुढे `SFT-016` असा संकेत दिसतो. कर कापला असो वा नसो, या दुसऱ्या मार्गाने व्याज येतेच. १५एच फॉर्म देऊन कर कापण्यापासून सूट घेतली तरी व्याजाची नोंद दिसते ती यामुळेच. १५एच दिला म्हणजे व्याज करमुक्त झाले, असा समज अजूनही अनेक ज्येष्ठ ठेवीदारांत आहे. त्या फॉर्मचा अर्थ इतकाच की वर्षाचा एकूण कर शून्य येणार असल्याने आधी कापू नये.

शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्याची मुदतही ३१ मेच असते. म्हणून एप्रिलमध्ये उतरवून घेतलेले एआयएस अर्धवट असते. जूनच्या मध्यानंतर बँकेकडून फॉर्म १६ए मिळू लागतो. ताळमेळ तेव्हा सुरू करावा आणि विवरणपत्र भरण्याच्या दिवशी एआयएस पुन्हा एकदा उघडून पाहावे, कारण मधल्या काळात नोंदी बदलतात.

कामाची सुरुवात एआयएसपासून करू नये. आधी आपली यादी करावी. कोणत्या बँकेत, पोस्टात, पतसंस्थेत कोणती खाती आहेत, प्रत्येकात पहिले नाव कोणाचे आहे, पैसा मुळात कोणाचा आहे आणि वर्षभरात व्याज किती झाले, एवढे कागदावर मांडावे. त्यासाठी पासबुक आणि प्रत्येक बँकेचा व्याजाचा दाखला जवळ हवा. ही यादी तयार असेल तर एआयएसमध्ये जास्तीचे काय आहे हे दिसतेच, आणि कमी काय आहे हेही दिसते. एआयएस पाहून यादी केली, तर त्यात नसलेले उत्पन्न शोधायला काही साधनच उरत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. साताऱ्यातले सदुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत असे धरू. आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६. त्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे. पेन्शन ५,४६,००० रुपये. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर ४,७१,००० उरतात. एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या दोन मुदत ठेवी आहेत, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होते. त्यांतली एक ठेव एप्रिलमध्ये ठेवली होती आणि घरात पैशांची गरज पडल्याने ती फेब्रुवारीत मुदतीपूर्वी मोडली.

एआयएसमध्ये या बँकेच्या कलम १९४ए खाली चार ओळी आहेत: पहिल्या तीन तिमाहींत प्रत्येकी २६,००० आणि चौथ्या तिमाहीत १८,०००. एकूण व्याज ९६,०००, त्यावर दहा टक्क्यांनी कापलेला कर ९,६००. त्याच बँकेच्या `SFT-016` ओळीत मुदत ठेवीचे व्याज ९१,२०० दिसते. पासबुकात व्याज म्हणून जमा झालेल्या रकमांची बेरीज मात्र ८६,४०० येते. ठेवी त्याच, बँक तीच आणि आकडे तीन.

पासबुकाचा आकडा सर्वांत आधी समजतो. ९६,००० मधून ९,६०० कर कापून ८६,४०० खात्यात आले. अनेक करदाते हाच आकडा विवरणपत्रात भरतात, आणि ते चूक आहे. कापलेला करही करदात्याच्या उत्पन्नाचाच भाग मानला जातो, असे आयकर कायद्याचे कलम १९८ सांगते. हातात आलेली रक्कम उत्पन्न धरायची आणि कापलेल्या कराचा परतावाही मागायचा, असे दोन्ही होत नाही.

आता ९६,००० आणि ९१,२०० मधला ४,८०० चा फरक. ठेव मुदतीपूर्वी मोडली की बँक आधी दिलेले व्याज कमी दराने पुन्हा मोजते आणि जास्त गेलेली रक्कम वसूल करते. ही वसुली व्याजाच्या ओळीत दिसत नाही. परत मिळालेल्या मुद्दलातून ती वजा झालेली असते. एक लाख ठेवले आणि ९५,२०० परत आले, असे पासबुकात दिसेल. वर्षअखेरीच्या अहवालात बँकेने ही वजावट धरली, म्हणून तिथे ९१,२०० आले. तिमाही टीडीएसच्या ओळी मात्र आधीच गेलेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या. बँकेच्या व्याजाच्या दाखल्यात ९१,२०० असेल तर खरे उत्पन्न तेच. ठेव या वर्षीच ठेवलेली आणि या वर्षीच मोडलेली असल्याने हिशोबही याच वर्षात मिटतो.

एआयएससोबत करदात्याच्या माहितीचा सारांशही मिळतो. त्याला टीआयएस म्हणतात. त्यात एकाच प्रकारच्या उत्पन्नाच्या ओळी एकत्र करून एक आकडा काढलेला असतो, आणि विवरणपत्रात आधीच भरून येणारी रक्कम या सारांशातून येते. दोन मार्गांनी आलेली एकच माहिती ओळखून एकदाच धरण्याचे नियम प्रणालीत आहेत. तरीही टीडीएस शाखेच्या टॅनवरून गेलेला आणि वार्षिक अहवाल मुख्य कार्यालयाकडून गेलेला असेल, शिवाय रकमाही वेगळ्या असतील, तर दोन्ही नोंदी बेरजेत राहू शकतात. या उदाहरणात तसे झाले आहे असे धरू. म्हणजे ९६,००० अधिक ९१,२००, जणू शिक्षकांच्या दुप्पट ठेवी आहेत.

दुसरी नोंद एका सहकारी बँकेची आहे: मुदत ठेवीचे व्याज ४२,०००, कर कापलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी त्या वर्षी वार्षिक ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजावर टीडीएस नव्हता, म्हणून हे बरोबरच आहे. ठेव पती-पत्नीच्या नावाने आहे, पहिले नाव पतीचे. पैसा मात्र पत्नीचा, तिच्या स्वतःच्या नोकरीतून निवृत्तीच्या वेळी मिळालेला. संयुक्त ठेवीचे व्याज, खातेदारांनी बँकेला वेगळे काही लिहून दिले नसेल तर, पहिल्या नावाच्या पॅनवर कळवले जाते. उत्पन्न मात्र ज्याचा पैसा त्याचे. त्यामुळे हे व्याज पत्नीच्या उत्पन्नात जायला हवे. इथे उलटी बाजूही पाहायला हवी. पतीने आपलेच पैसे पत्नीला देऊन तिच्या नावाने ठेव केली असती, तर कलम ६४ प्रमाणे ते व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवावे लागले असते. नाव बदलल्याने कर बदलत नाही. पैसा कुठून आला, यावर तो ठरतो.

तिसरी गोष्ट एआयएसमध्ये नाहीच. शिक्षकांची गावातल्या सहकारी पतसंस्थेत ठेव आहे आणि तिचे व्याज २७,००० झाले. पतसंस्था ही बँक नसते. सभासदाला दिलेल्या व्याजावर लहान पतसंस्थांना टीडीएस कापावा लागत नाही, आणि बँकांप्रमाणे व्याजाचा वार्षिक अहवालही त्यांच्याकडून सहसा जात नाही. महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था असल्याने ही उणीव इथल्या करदात्यांच्या बाबतीत फार मोठी आहे. ‘एआयएसमध्ये नाही म्हणजे दाखवायचे नाही’ ही समजूत सर्वांत जास्त याच व्याजाबाबत दिसते. ते पूर्ण करपात्र आहे आणि यादीत हाताने लिहिले तरच विवरणपत्रात येईल.

याखेरीज बचत खात्यांचे व्याज ११,४०० आणि मागच्या वर्षीच्या रिफंडवर खात्याने दिलेले व्याज ६४० अशा दोन नोंदी आहेत. दोन्ही बरोबर आहेत. रिफंडची रक्कम उत्पन्न नसते, पण तिच्यावरचे व्याज असते, आणि ते नेमके विसरले जाते.

आता दोन बेरजा शेजारी ठेवून पाहू. सारांशातले आकडे जसेच्या तसे घेतले तर व्याज ९६,०००, ९१,२००, ४२,०००, ११,४०० आणि ६४० मिळून २,४१,२४० होते. पेन्शन धरून एकूण उत्पन्न ७,१२,२४०. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होत होता. सात लाखांच्या थोडे वर गेलेल्यांना सीमांत सवलत होती, म्हणजे वरच्या रकमेपेक्षा कर जास्त लागत नसे. त्यामुळे कर १२,२४० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून १२,७३० रुपये. टीडीएस वजा जाता आणखी ३,१३० भरावे लागले असते.

खरा हिशोब असा: ९१,२००, पतसंस्थेचे २७,०००, बचत खात्याचे ११,४०० आणि रिफंडवरचे ६४०, एकूण व्याज १,३०,२४०. पेन्शन धरून उत्पन्न ६,०१,२४०. कर शून्य, आणि कापलेले ९,६०० पूर्ण परत. पतसंस्थेचे व्याज स्वतःहून दाखवूनही हा फरक १२,७३० रुपयांचा आहे.

पुढचा टप्पा एआयएसमध्ये प्रतिसाद नोंदवण्याचा. प्रत्येक ओळीपुढे त्याची सोय असते. माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दुबार आहे, नाकारली आहे, असे पर्याय त्यात आहेत. वरच्या उदाहरणात टीडीएसच्या चार ओळींवर `Information is duplicate / included in other information` हा पर्याय निवडावा, कारण बरोबर रक्कम वार्षिक अहवालाच्या ओळीत आहे. सहकारी बँकेच्या ओळीवर `Information relates to other PAN/Year` निवडून पत्नीचा पॅन द्यावा, आणि पत्नीच्या हिशोबात ते ४२,००० येतील याची खात्री करावी. ‘नाकारली’ हा पर्याय फक्त जे खाते किंवा जो व्यवहार आपला नाहीच, त्यासाठी राखून ठेवावा. रक्कम थोडी चुकली म्हणून पूर्ण नोंद नाकारणे हे खोटे उत्तर ठरते.

प्रतिसाद दिला की सारांशातली रक्कम बदलते, पण बँकेची मूळ नोंद तशीच राहते. खाते तो प्रतिसाद माहिती देणाऱ्या संस्थेकडे पडताळणीसाठी पाठवू शकते, आणि तिने काय उत्तर दिले ते २०२४ पासून एआयएसमध्ये दिसू लागले आहे. बँकेने चूक मान्य केली, तर तिने सुधारित अहवाल भरल्यावरच मूळ आकडा बदलतो. तोपर्यंत व्याजाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स आणि ठेव मोडल्याची पावती जपून ठेवणे हेच करदात्याच्या हातात आहे.

कापलेल्या कराचा हिशोब वेगळ्या कागदावर तपासायचा असतो. एआयएसमध्ये टीडीएस दिसतो, पण कराचे श्रेय मिळते ते फॉर्म २६एएस मधल्या नोंदींवरून. तिथे प्रत्येक रकमेपुढे स्थितीचे एक अक्षर असते. `F` म्हणजे कर सरकारजमा होऊन नोंद पक्की झाली. `U` म्हणजे बँकेने कर कापल्याचे सांगितले, पण त्याचे चलन जुळत नाही. एआयएसमध्ये प्रतिसाद देऊन हे दुरुस्त होत नाही. शाखेत जाऊन सुधारित टीडीएस विवरण भरायला सांगावे लागते, आणि लेखी अर्ज दिलेला बरा. फॉर्म १६ए हातात असूनही २६एएस मध्ये नोंद नसेल तर बहुधा पॅन चुकीचा नोंदलेला असतो. खरोखर कापलेला कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे संरक्षण कलम २०५ देते. पण रिफंड अडकतो आणि पत्रव्यवहार वाढतो.

सहकारी बँकेने पतीच्या पॅनवर कर कापला असता तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे झाले असते. उत्पन्न पत्नीचे आणि टीडीएस पतीच्या २६एएस मध्ये, अशी स्थिती आली असती. नियम ३७बीए प्रमाणे पतीने बँकेला लेखी घोषणा द्यायची, त्यात पत्नीचे नाव, पत्ता आणि पॅन द्यायचा, म्हणजे बँक टीडीएस पत्नीच्या पॅनवर दाखवते. ही घोषणा ठेव ठेवतानाच दिली तर वर्षअखेरीची धावपळ वाचते. घोषणा नसताना पतीने श्रेय मागायचे आणि उत्पन्न दाखवायचे नाही, असे केल्यास विवरणपत्र सदोष ठरवून कलम १३९(९) खाली नोटीस येऊ शकते. श्रेय आणि उत्पन्न एकाच विवरणपत्रात असायला हवे.

हीच अडचण संचयी ठेवींतही येते. पाच वर्षांच्या अशा ठेवीत हातात काहीच येत नाही, पण बँक दरवर्षी साचलेल्या व्याजावर कर कापते आणि ते व्याज एआयएसमध्ये दाखवते. ठेवीदाराने सगळे व्याज पाचव्या वर्षी दाखवायचे ठरवले, तर दरवर्षीचा टीडीएस मधल्या वर्षांत मागता येत नाही आणि शेवटच्या वर्षी उत्पन्नाचा एकदम डोंगर होतो. दरवर्षी साचलेले व्याज त्या त्या वर्षी दाखवणे बहुतेकांच्या सोयीचे असते. एकदा निवडलेली पद्धत मात्र वर्षानुवर्षे तीच ठेवावी. मध्येच बदलली की एखाद्या वर्षाचे व्याज दोनदा धरले जाते किंवा सुटते.

करदात्याने स्वतः भरलेला कर एआयएसच्या कर भरण्याच्या भागात दिसतो. तो दिसत नसेल तर बहुतेक वेळा चलनात वर्ष चुकलेले असते. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावरचा कर भरताना कर निर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचे असते. चलन दुरुस्तीची सोय पोर्टलवर थोड्या दिवसांपुरती असते. ती मुदत गेल्यावर कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

विवरणपत्र भरून झाल्यावरही एआयएसमध्ये नव्या नोंदी येऊ शकतात, विशेषतः एखाद्या बँकेने उशिरा सुधारित अहवाल दिल्यावर. नवी नोंद खरी असेल तर सुधारित विवरणपत्र भरावे लागते. २०२४-२५ या वर्षासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. व्याज आणि लाभांशाच्या आकड्यांत विवरणपत्राशी तफावत आढळल्यास खाते करदात्याला कळवते आणि उत्तर मागते. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांतील अशा तफावतींसाठी पोर्टलवरच उत्तर देण्याची सोय जाहीर केली होती. अशा वेळी ‘एआयएस चुकीचे आहे’ एवढे उत्तर पुरत नाही; कोणत्या ओळीत किती रुपये जास्त आहेत आणि का, हे सांगावे लागते.

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवरील व्याजाची टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून एक लाख झाली. इतरांसाठी ती ४०,००० वरून ५०,००० झाली. वरच्या उदाहरणातल्या शिक्षकांना राष्ट्रीयीकृत बँकेतून पुढच्या वर्षीही तेवढेच, म्हणजे लाखाच्या आतले, व्याज मिळाले तर त्यावर कर कापला जाणार नाही, टीडीएसच्या ओळी येणार नाहीत आणि फक्त वार्षिक अहवालाची एक ओळ दिसेल. दुबार नोंदीचा त्रास त्यामुळे कमी होईल. संयुक्त ठेवीचे आणि पतसंस्थेचे प्रश्न मात्र तसेच राहतील, कारण त्यांचा टीडीएसशी संबंध नाही. ते पहिल्या नावाशी आणि न कळवलेल्या व्याजाशी जोडलेले आहेत.